शून्य मात्रांचा चरण

पादाकुलकाच्या चरणात आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने असतात. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग आठ मात्रांच्या एका आवर्तनात लघु-गुरूंची मांडणी एकूण किती प्रकारांनी होईल? व्याकरणाच्या तासाला निघालेला हा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने संगणकाच्या खोलीत नेला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणले : २१.

आम्ही मराठीचे शिक्षक. गणितात आमची गती बेताचीच. तरी १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ ही मालिका आम्हांस परिचित होती. बाराव्या शतकात गुजरातेतील आचार्य हेमचंद्रांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना ती सांगितली आणि त्यांच्याही पूर्वी विरहांकाने. इटलीतील फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा, म्हणजे त्यांच्या नंतरचा. २१ हा आकडा त्या मालिकेत दिसला, आणि आम्ही विद्यार्थ्यास शाबासकी देऊन मोकळे झालो. उत्तर मात्र चुकीचे होते. खरे उत्तर ३४.

ही चूक कोठे झाली, ते पाहू. मोजण्याची युक्ती सोपी आहे. प्रत्येक मांडणीचे शेवटचे अक्षर एक तर लघु असते, नाही तर गुरु. लघु काढला तर एक मात्रा कमी उरते, गुरु काढला तर दोन. म्हणून आठ मात्रांचे प्रकार म्हणजे सात मात्रांचे आणि सहा मात्रांचे प्रकार यांची बेरीज. लहान उत्तरे कोष्टकात लिहून ठेवावीत आणि त्यांवरून मोठी काढावीत. या रीतीस संगणकशास्त्रात डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. हे नाव रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या सुमारास दिले.

पण कोष्टकाची पहिली घरे बेरजेने भरता येत नाहीत. ती आपणच भरावी लागतात. आमच्या विद्यार्थ्याने शून्य मात्रांच्या घरात ० लिहिले. मात्राच नाहीत, तर प्रकार कोठून येणार, असा त्याचा विचार. एका मात्रेच्या घरात त्याने १ लिहिले, ते बरोबरच होते. पुढे बेरजा होत गेल्या : ०, १, १, २, ३, ५, ८, १३, २१. यांतील एकही बेरीज चुकलेली नाही. सारे कोष्टक केवळ एक घर सरकले आहे, आणि म्हणूनच ते खरे भासते.

शून्याच्या घरात १ का हवा? दोन मात्रा घ्या. एकटा गुरु ही एक पूर्ण मांडणी आहे. तो काढला की शून्य मात्रा उरतात. तेथे ० लिहिले तर हा गुरु मोजणीतून नाहीसा होतो. काही न उरणे हाही मांडणी पुरी होण्याचा एक प्रकार होय. बोटांवर मोजले असते तरी कळले असते : लघु-लघु आणि गुरु, असे दोन मात्रांचे प्रकार दोन, कोष्टक सांगत होते एक.

चूक सुधारल्यावर आम्ही अट घातली : दोन गुरु लागोपाठ येऊ नयेत. चार मात्रांचे असे प्रकार चारच : चार लघु, आणि दोन लघूंसह एक गुरु आरंभी, मध्ये किंवा शेवटी. आता विद्यार्थ्याने डावीकडून एकेक अक्षर ठेवीत जाणारा आणि निघालेले उत्तर टिपून ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याने उत्तर दिले पाच. आधी लघु व मग गुरु हा क्रम उलटा केला, तर तीन!

दोष टिपणाच्या खुणेत होता. ‘उरलेल्या मात्रा दोन’ एवढ्याच खुणेखाली उत्तर टिपले जात होते. पण मागचे अक्षर लघु असेल तर दोन मात्रा दोन प्रकारे भरतात. मागे गुरु असेल तर दोन लघु, एवढा एकच प्रकार उरतो. दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच घरात पडत होती, आणि जे आधी लिहिले जाई तेच दोघांना मिळे. खुणेत मागचे अक्षरही घेताच दोन्ही क्रमांनी चार आले :

```
memo[n]          # चूक
memo[(n, prev)]  # बरोबर
```

क्रम बदलल्याने उत्तर बदलले, तर खूण अपुरी आहे असे खुशाल समजावे. हाताने पडताळा घ्यावा; परंतु तो कोठवर, हेही पाहावे. येथे तीन मात्रांपर्यंत चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर उत्तरे देत होता, कारण दोन गुरूंना मुळात चार मात्रा लागतात. अट जेथे प्रथम आड येते, तेथवर मोजल्याखेरीज पडताळा पुरा होत नाही. आम्ही दिलेली शाबासकी दोन मात्रांचाही पडताळा न घेता दिलेली होती.