२३२ पानांचा निकाल, चार रकाने

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांचा निकाल दिला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा हा निकाल २३२ पानांचा होता. मतदाराचा माहितीचा हक्क, गुप्त देणगी आणि कंपन्यांना अमर्याद देणगी देण्याची मुभा यांवरचा युक्तिवाद पानोपानी चालतो. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राचा शेवट मात्र सहा छोट्या निर्देशांवर होतो. मला थक्क करतं ते हे, की एवढ्या मोठ्या ग्रंथातून प्रत्यक्ष हलतात त्या या सहा ओळीच. देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेला, स्टेट बँकेला, कपाटं उघडायला त्यांनीच लावली.

या निकालाचा सारांश काढायचा तर कागदावर चार रकाने आखावेत: काय ठरलं, काय करायचं, कोणी, कधीपर्यंत. पहिला रकाना लवकर भरतो: निवडणूक रोखे योजना आणि तिच्यासाठी केलेल्या कायदादुरुस्त्या घटनाबाह्य. खरी मेहनत उरलेल्या तीन रकान्यांत आहे. त्यासाठी शेवटच्या परिच्छेदांतली क्रियापदं शोधायची आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण, हे विचारायचं. रोखे देणं थांबवायचं, ते बँकेने आणि तत्काळ. १२ एप्रिल २०१९ पासूनच्या रोख्यांची माहिती द्यायची, ती स्टेट बँकेने निवडणूक आयोगाला. संकेतस्थळावर प्रसिद्ध करायची, ती आयोगाने. न वटवलेले, पण पंधरा दिवसांच्या मुदतीतले रोखे परत करायचे, ते मात्र पक्षाने किंवा खरेदीदाराने, ज्याच्या हातात रोखा असेल त्याने. ‘रोखे परत करावेत’ एवढंच लिहून थांबलो, तर कर्ता हरवतो आणि मग कोणीच काही करत नाही.

आता ‘कधीपर्यंत’. बँकेला मुदत होती निकालापासून तीन आठवडे, ‘म्हणजे ६ मार्च’. बोटांवर मोजून पाहा. २०२४ लीप वर्ष, फेब्रुवारीचे दिवस २९. निकालाचा दिवस सोडून एकवीस दिवस मोजले, तर ७ मार्च येतो. कायद्यात एरवी पहिला दिवस वगळूनच मोजतात. तो दिवस धरला, तरच ६ मार्च येतो. म्हणून आदेशात तारीख लिहिलेली असेल, तर सारांशात तीच घ्यावी, स्वतःचा हिशेब नको. तारीख नसेल, तर मुदत कशापासून सुरू होते ते लिहावं: निकालापासून, प्रत मिळाल्यापासून की आधीचं काम झाल्यापासून. आयोगाची मुदत अशीच साखळीत अडकवलेली होती: माहिती मिळाल्यापासून एक आठवडा, म्हणजे १३ मार्च. पहिली कडी सरकली की दुसरी आपोआप सरकणार.

आणि ती सरकलीच. बँकेने ३० जूनपर्यंत मुदतवाढ मागितली. २२,२१७ रोख्यांची खरेदीची आणि वटवल्याची नोंद वेगवेगळी ठेवलेली आहे, ती जुळवायला वेळ लागेल, हे तिचं कारण. ११ मार्चला न्यायालयाने अर्ज फेटाळला. पहिल्या आदेशात जुळवाजुळव करायला सांगितलेलंच नव्हतं. जी माहिती हातात आहे, तीच द्यायची होती. सारांशकाराचा हा मोठा धडा आहे: आदेशात नसलेलं काम ‘काय करायचं’ या रकान्यात शिरलं, की मुदत अशक्य वाटू लागते. नव्या तारखा पडल्या: बँकेला १२ मार्चचं कामकाज संपेपर्यंत, आयोगाला १५ मार्च, सायंकाळी पाच. जुन्या कागदावर ६ आणि १३ तशाच ठेवणारा इथे चुकला. सारांशाच्या वर ‘अमुक तारखेच्या आदेशापर्यंत’ असं लिहायचं असतं, ते म्हणूनच.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट एका शब्दाची आहे. प्रत्येक रोख्याच्या तपशिलात खरेदीची तारीख, खरेदीदाराचं नाव आणि रक्कम यांचा ‘समावेश असेल’, असं मूळ आदेश म्हणतो. बँकेने दिलेल्या माहितीत या तीन गोष्टी होत्या. रोख्यावरचा अक्षरअंकी क्रमांक नव्हता. तो क्रमांक नसेल, तर कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला हे जुळवता येत नाही. १८ मार्चला न्यायालयाने स्पष्ट केलं, की ‘समावेश असेल’ ही उदाहरणादाखल यादी आहे, पूर्ण यादी नव्हे. आदेश ‘सर्व तपशील’ देण्याचा आहे. मूळ आदेशाचा सारांश करताना कोणी ‘तारीख, नाव आणि रक्कम द्यावी’ असं सुटसुटीत लिहिलं असेल, तर त्याचं वाक्य छान झालं, पण आदेश लहान झाला. ‘समावेश असेल’, ‘फक्त’, ‘किंवा’, ‘अधीन राहून’ हे शब्द सारांशात जसेच्या तसे उतरवायचे, ते याचसाठी.

१८ मार्चच्या आदेशाचे रकाने भरणं त्यामानाने सोपं आहे. काय करायचं? क्रमांकांसह सगळी माहिती द्यायची आणि काही लपवून ठेवलं नसल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. कोणी? प्रतिज्ञापत्र खुद्द बँकेच्या अध्यक्षांनी; ‘बँकेने’ लिहून इथे भागत नाही. कधीपर्यंत? २१ मार्च, सायंकाळी पाच. त्या दिवशी बँकेने क्रमांकांसह माहिती दिली आणि आयोगाने ती त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकली.