खर्रा, तोंडातली जखम आणि दहा ग्रॅमची ट्यूब

राजुऱ्याच्या कोणत्याही मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. "भाऊ, तोंड आलं हाय, ट्यूब द्या" असं म्हणणारा एखादा गिऱ्हाईक येतोच. दुकानदार न विचारता दहा ग्रॅमची ट्यूब आणि सोबत बी-कॉम्प्लेक्सची पट्टी काढून देतो. ट्यूब कशासाठी हवी, जखम कुठे आहे, किती दिवसांची आहे, हे कोणी कोणाला विचारत नाही. शेजारच्या पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जात असतो, आणि पुष्कळदा तोच गिऱ्हाईक ट्यूब खिशात टाकून तिकडे वळतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा चालूच आहे. म्हणून इथे तोंडातल्या जखमेचा हिशेब बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा थोडा वेगळा मांडावा लागतो.

"ट्यूब लावली की जखम भरते"

जखम भरते ती शरीरामुळे. ट्यूब मधल्या काळात दुखणं कमी करते. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान, गोल, मध्ये पिवळसर-पांढरी आणि भोवती लाल कडा असलेली जखम हे साधं तोंड येणं. ते सात ते चौदा दिवसांत आपोआप बरं होतं. ट्यूब लावून आठव्या दिवशी बरं वाटलं, तर श्रेय ट्यूबला जातं. न लावताही बहुधा तेवढेच दिवस लागले असते.

ट्यूब-ट्यूबमध्येही फरक आहे, आणि तो नावात नसतो, मागच्या बारीक अक्षरांत असतो. लिग्नोकेन किंवा बेंझोकेन लिहिलं असेल तर ते बधिर करणारं औषध. त्याचा असर थोडा वेळच टिकतो, म्हणून ते जेवणाआधी लावायचं. मात्र गाल-जीभ बधिर असताना घास चावताना गालच चावला जातो, तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबून सावकाश जेवावं. कोलीन सॅलिसिलेट हे वेदना आणि सूज कमी करणारं, अॅस्पिरिनच्या घराण्यातलं औषध आहे. त्यामुळे सोळा वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये. दात येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या हिरड्यांवर बेंझोकेन चोळणं तर धोक्याचंच, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद एकदम घटू शकते.

तिसरा प्रकार ट्रायमसिनोलोनच्या चिकट मलमाचा. हे स्टेरॉइड आहे. साध्या तोंड येण्यात दाह खरोखर कमी करणारं औषध हेच, आणि सर्वांत जास्त चुकीचं वापरलं जातं तेही हेच. जखम कापसाने कोरडी करायची, मोहरीएवढं मलम बोटावर घेऊन नुसतं टेकवायचं. चोळलं की त्याचे रव्यासारखे कण होतात आणि ते चिकटत नाही. रात्री झोपताना लावलं तर जास्त वेळ टिकतं. सात दिवसांत फरक पडला नाही तर थांबवून दाखवायला जायचं. तोंडात पांढरी बुरशी असेल किंवा ओठांवर पाण्याचे फोड आले असतील, तर हे मलम त्रास वाढवतं.

बी-कॉम्प्लेक्सबद्दल एवढंच, की बी-१२, फॉलिक आम्ल किंवा लोह खरंच कमी असेल तर त्याची भरपाई केल्याने वारंवार तोंड येणं कमी होतं. ते कमी आहे की नाही, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दर महिन्याला तोंड येत असेल तर दर महिन्याला पट्टी घेण्यापेक्षा एकदा तपासणी स्वस्त पडते.

"गुळण्यांनी जंतू मरतात, म्हणजे तोंड येणं थांबतं"

साधं तोंड येणं हे मुळात जंतूंचं दुखणं नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच तिथल्या नाजूक त्वचेवर उलटते. जंतुनाशक गुळणीचा उपयोग उघड्या जखमेवर वरून दुसरा संसर्ग होऊ न देण्यापुरता. क्लोरहेक्सिडीनची ०.२ टक्के गुळणी असेल तर दहा मिली, मिनिटभर तोंडात खेळवून थुंकायची, दिवसातून दोनदा. दात घासल्यावर लगेच घेतली तर टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक तिला निकामी करतो, म्हणून मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा. गुळणीनंतर लगेच चहा पिऊ नये. दोन आठवड्यांच्या पुढे सल्ल्याशिवाय वापरली की दात आणि जीभ तपकिरी पडतात, चवही बिघडते. खर्रा खाणाऱ्याचे दात आधीच रंगलेले, त्यामुळे त्याला हे डाग कळतही नाहीत. पोव्हिडोन आयोडीनची गुळणी थायरॉइडच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हीही चालणारी गुळणी आहे. तुरटीचा खडा, चुना, लवंगेचं तेल किंवा डोकेदुखीची गोळी चुरून जखमेवर दाबणं मात्र नको. त्याने वरची त्वचा भाजते, आणि मग डॉक्टरला मूळ जखम कोणती आणि भाजलेली कोणती, हे ओळखता येत नाही.

"तिखट झोंबते म्हणजे उष्णता झाली"

खर्रा खाणाऱ्याला ठेचा किंवा साधी भाजीही झोंबू लागली, तर ती पोटातली उष्णता नव्हे. सुपारीतल्या अॅरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या पेशी वाजवीपेक्षा जास्त तंतू तयार करतात, आणि सुपारीतलं तांबं त्या तंतूंना घट्ट बांधतं. आधी जळजळ होते, मधूनमधून बारीक फोड आणि जखमा येतात. मग गालाची आतली बाजू फिकट, संगमरवरासारखी दिसू लागते आणि बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. डॉक्टरी भाषेत याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गावात "तोंड उघडत नाही" एवढंच म्हणतात. यासाठी तंबाखू लागतच नाही, नुसती सुपारी पुरते. तेव्हा "मी तंबाखू सोडली, फक्त गोड सुपारी खातो" हा दिलासा खोटा आहे.

घरी तपासायचं तर स्वतःची तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं एकावर एक धरून उभी दातांच्या मध्ये घालावीत. ती गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर आजार पुढे सरकला आहे. अशा तोंडाला ट्यूब लावल्याने जळजळ तेवढ्यापुरती थांबते, जेवण होतं, आणि जेवणानंतर खर्राही होतो. आतले पट्टे आवळतच राहतात. घट्ट झालेले तंतू पूर्ववत होत नाहीत. सुपारी सोडल्यावर आजाराची वाढ रोखता येते. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात दिली जाणारी इंजेक्शनं आणि फार आवळलं असेल तर शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. शिवाय हीच जमीन पुढे कॅन्सरची होऊ शकते, त्यामुळे अशा माणसाचं तोंड दर काही महिन्यांनी कोणीतरी पाहत राहिलं पाहिजे.

"दुखत नाही, म्हणजे साधीच आहे"

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. साधी जखम पहिल्या दिवसापासून ठणकते. कॅन्सरची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखू लागते तेव्हा ती खोल गेलेली असते. म्हणून वेदना मोजण्यापेक्षा दिवस मोजावेत.

कोळसा खाणीत पाळीवर जाणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचं उदाहरण घेऊ. असे बरेच जण दिसतात. पंधरा वर्षं खर्रा, आणि तो ठेवायची जागा ठरलेली: डावा गाल आणि खालची दाढ यांच्यामधली खाच. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी खाताना तिथे खरखर लागली. आरशात पाहिलं तर दाढेची कड तुटलेली आणि समोर छोटी जखम. दाढेनेच लागलं, असं म्हणून त्याने ट्यूब आणली. हा अंदाज काही वेडगळ नाही. तुटलेल्या दाताने जखम होतेच. पण मग दाताची धार काढायला हवी होती, आणि खर्रा बंद व्हायला हवा होता. दोन्ही झालं नाही.

पोळ्याची अमावस्या ते अनंत चतुर्दशी साधारण चौदा दिवस होतात. गणपती विसर्जनापर्यंत जखम गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी दाखवायला जायचं, इतकं साधं गणित आहे. या माणसाने दसरा जाऊ दिला, म्हणजे सुमारे चाळीस दिवस. तोवर पहिली ट्यूब संपून दुसरी चालू होती. कड उंच आणि कडक झाली होती, बोट लावलं की रक्त येत होतं आणि जबड्याखाली सुपारीएवढी गाठ लागत होती. गाठही दुखत नव्हती.

तो अनंत चतुर्दशीनंतर गेला असता तर काय झालं असतं? राजुऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे आधी दाढेची धार घासली असती, खर्रा आणि ट्यूब बंद करून फार तर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं असतं. कारण गेलं की साधी जखम एवढ्यात भरते. भरली नाही, तर तुकडा तपासायला पाठवायचा. कडा कडक असतील किंवा गाठ लागत असेल, तर हे दोन आठवडेही थांबायचं नसतं. त्याचप्रमाणे जखम नसली तरी न पुसला जाणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा, विनाकारण हलणारा दात, जीभ किंवा ओठ बधिर होणं, गिळताना अडकणं, हे सगळं दाखवायचंच.

एक वेगळी सूचना याच जिल्ह्यांसाठी. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांतल्या अनेकांना हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू असतात. या गोळ्यांनी रक्तपेशी फार घटल्या तर तोंडात जखमा येऊ शकतात. अशा रुग्णाचं तोंड आलं आणि सोबत ताप असेल, तर ट्यूब बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांचंही तसंच. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चुकून रोज घेतली गेली, तर पहिली खूण पुष्कळदा तोंडातच दिसते.

"तुकडा काढला की पसरतो"

या भीतीने लोक चंद्रपूरला जायची एसटी चुकवतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो थांबल्याने, आणि तुकड्यानंतर गावातला कोणी खालावला, तर तो मुळात उशिरा गेलेला असतो. प्रत्यक्षात इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, जखमेच्या मधून नव्हे तर कडेवरून, थोडी चांगली त्वचा धरून, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा तुकडा घेतात, लागला तर एखादा टाका घालतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून तपासणीला जातो आणि काही दिवसांत अहवाल येतो. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हे काम होतं. अहवाल वाईट आला तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्यावं.

जाताना वापरलेली ट्यूब, रिकामी असली तरी, खिशात टाकावी. तिच्यात स्टेरॉइड होतं का, हे डॉक्टरला कळायला हवं, कारण त्याने जखमेचं रूप बदलतं. आणि जखम पहिल्यांदा कधी दिसली ते सांगताना "झाले काही दिवस" असं न म्हणता सण सांगावा: पोळ्याला होती, गणपतीत होती, दसऱ्यालाही होती.