दीडपटीचा चकवा

पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या पेपरात एक प्रश्न हमखास चकवतो. दोन बार छापलेले असतात आणि त्यातला लयीचा प्रकार ओळखायचा असतो: सिंकोपेशन, हेमिओला की पॉलिरिदम? व्याख्या तिन्हींच्या पाठ असतात. तरीही उत्तर चुकतं, कारण कागदावर ही तिन्ही एकमेकांसारखी दिसू शकतात.

सुरुवात थ्री-फोरच्या दोन बारांपासून करू. एका बारमध्ये तीन क्रॉचेट, दोन बार मिळून सहा. जोर जिथे पडतो तिथे ठळक ठिपका दिला, तर साधी चाल अशी दिसते:

```
१ २ ३ | १ २ ३
● ○ ○ | ● ○ ○
```

आता याच सहा क्रॉचेटांचे तीन-तीनचे दोन गट न करता दोन-दोनचे तीन गट करा:

```
१ २ ३ | १ २ ३
● ○ ● | ○ ● ○
```

हा हेमिओला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दीडपट’. दोनाच्या जागी तीन आले, म्हणजे दोनाचे दीडपट झाले. आपल्याकडे ‘दीड’ हा रोजच्या हिशेबातला शब्द असल्याने ही कल्पना मराठी माणसाला तरी समजावून सांगावी लागू नये.

खरी गंमत तो लिहिताना होते. पहिला आघात दोन क्रॉचेटांचा, म्हणून एक मिनिम. दुसरा आघात तिसऱ्या क्रॉचेटवर सुरू होतो आणि पुढच्या बारमध्ये शिरतो. तो एका नोटेत लिहिता येत नाही, म्हणून बारलाइनच्या अलीकडे एक क्रॉचेट, पलीकडे एक क्रॉचेट आणि दोघांना जोडणारा टाय. शेवटी पुन्हा मिनिम. हा टाय दिसला की विद्यार्थी घाईने ‘सिंकोपेशन’ लिहून मोकळा होतो, कारण ‘बारलाइन ओलांडणारा टाय म्हणजे सिंकोपेशन’ असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

अशा वेळी नजर टायवरून काढून खालच्या ओळीवर न्यावी. सिंकोपेशनमध्ये मूळ ठेका जागचा हलत नाही. समजा, फोर-फोरमध्ये वरची ओळ क्वेव्हर, मग तीन क्रॉचेट, शेवटी क्वेव्हर अशी आहे. मधले तिन्ही क्रॉचेट दोन बीटांच्या मध्येच सुरू होतात, पण खाली बास एक-दोन-तीन-चार असा सरळ चालतो. तो सरळ चालतो म्हणूनच वरची ओळ निसटल्यासारखी वाटते. हेमिओलात बहुधा बास आणि कॉर्डही नव्या गटांबरोबर, दर दोन क्रॉचेटांनी बदलतात. बंड एकट्याचं नसतं, सगळं घरच हलतं. हॅन्डेलच्या ‘मेसाया’तलं ‘अँड द ग्लोरी ऑफ द लॉर्ड’ हे कोरस थ्री-फोरमध्ये आहे. त्यात वाक्य संपवणाऱ्या कॅडेन्सच्या आधी हा प्रकार ऐकू येतो आणि लगेच तीनाची चाल परत येते. बरोक काळातला उतारा असेल, तर कॅडेन्सच्या आधीचे दोन बार आधी तपासावेत.

पॉलिरिदममध्येही तीन आणि दोनच असतात, म्हणून दुसरा गोंधळ इथे होतो. हेमिओलात दोनाचा हिशेब थांबतो आणि तीनाचा सुरू होतो. पॉलिरिदममध्ये दोन्ही हिशेब एकाच वेळी, एकाच अवधीत चालू असतात. उजव्या हातात एका क्रॉचेटच्या जागी ट्रिप्लेट, म्हणजे वर ३ लिहिलेले तीन क्वेव्हर. डाव्या हातात त्याच जागी साधे दोन क्वेव्हर. अवधीचे सहा भाग केले की चित्र असं:

```
उजवा  ● ○ ● ○ ● ○
डावा   ● ○ ○ ● ○ ○
```

दोघे फक्त पहिल्या भागावर भेटतात. नंतर उजवा, डावा, उजवा. तबल्यातली आड लय ज्याला ठाऊक आहे, त्याला हाताने ठेका धरून तोंडाने आडीचे बोल म्हणण्याचा अनुभव आठवेल, गणित तेच. शोपँच्या ‘फँटसी इम्प्रॉम्प्टू’त हे आणखी कठीण होतं, कारण उजव्या हातात आठ नोटा असताना डाव्यात सहा असतात.

एक जागा मात्र खरोखर धूसर आहे. वरचा आवाज दोन-दोनचे गट करतो आणि खालचा तीनाची चाल सोडत नाही, तेव्हा हेमिओला आणि पॉलिरिदम एकमेकांत मिसळतात. माझं मत असं, की क्रॉचेट तोच राहून फक्त त्याचे गट बदलले असतील, आणि ट्रिप्लेटसारखी नवी विभागणी नसेल, तर ‘हेमिओला’ लिहावं. त्यापुढे एक वाक्य जोडावं: ‘वरच्या ओळीत दोन बारांचे सहा क्रॉचेट दोन-दोनच्या तीन गटांत आहेत, खालची ओळ तीनाचीच चाल ठेवते.’ बार क्रमांक लिहायला विसरू नका.