भाकरी, लाडू आणि माणसाची उंची
लेखमाला : मोजमापांमागचं गणित – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण बीएमआयचं साधं सूत्र पाहिलं. किलोमधलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उत्तर १८.५ च्या खाली आलं तर माणूस बारीक. वरच्या बाजूला जगभर २५ ची रेघ धरतात. आपल्या अंगात तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त सापडते, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानायला सांगितलं.

तो लेख लिहून झाल्यावर मी केदारखेड्यात घरातल्याच दोघांची मापं घेतली. उंचीसाठी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, वजनासाठी खताच्या दुकानातला काटा. काकूंची उंची १४८ सेंटीमीटर आणि वजन ४० किलो भरलं. पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा १८८ सेंटीमीटर आणि ९० किलो. काकूंचा बीएमआय आला १८.२६, म्हणजे बारीक. भाच्याचा आला २५.४६, म्हणजे भारतीय रेघेनुसार लठ्ठ. भाचा रोज पहाटे जालना–भोकरदन रस्त्यावर पळतो आणि त्याच्या पोटाला वळी नाही. काकू दिवसभर मिरचीच्या तोडणीला वाकतात. दोघांनाही आपापला आकडा पटला नाही.

अशाच न पटण्यातून एक नवं सूत्र पुढे आलं. ऑक्सफर्ड विद्यापीठातले गणितज्ञ निक ट्रेफेथेन यांनी जानेवारी २०१३ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाला पत्र लिहून ते मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : उंचीच्या वर्गानं भागल्यामुळे बुटक्या माणसांना आपण आहोत त्यापेक्षा बारीक आहोत असं वाटतं, आणि उंच माणसांना आहोत त्यापेक्षा जाड. त्यांनी सुचवलेलं सूत्र हे :

नवा बीएमआय = १.३ × वजन ÷ उंची^२.५

उंचीचा अडीचावा घात म्हणजे काय, असं विचाराल. साध्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो निघतो. उंचीला उंचीनं गुणा आणि आलेल्या आकड्याला उंचीच्या वर्गमुळानं गुणा. काकूंसाठी १.४८ गुणिले १.४८ म्हणजे २.१९०४. १.४८ चं वर्गमूळ १.२१६६. दोन्हींचा गुणाकार २.६६५. आता ४० ला १.३ नं गुणलं की ५२, आणि ५२ भागिले २.६६५ म्हणजे १९.५१. काकू रेघेच्या वर आल्या. भाच्याचं उत्तर २५.४६ वरून २४.१४ वर उतरलं. त्याचा लठ्ठपणा गेला, जादा वजन तेवढं उरलं.

पण अडीचच का? त्यासाठी चुलीपाशी जाऊ. भाकरीची जाडी तेवढीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर पीठ चौपट लागतं. भाकरी दोनच दिशांनी वाढते, म्हणून तिचं वजन रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. लाडूची रुंदी दुप्पट केली तर तो तिन्ही दिशांनी वाढतो आणि ऐवज आठपट लागतो. तिथे घन चालतो. जुना बीएमआय माणसाला भाकरी समजतो. उंच माणूस लांबीला वाढला, रुंदीला थोडा वाढला, जाडीला तितका नाही, असं त्यात गृहीत आहे. पण माणूस पूर्ण लाडूही नाही. उंच माणसाचे खांदे आणि छाती उंचीच्या प्रमाणात वाढत नाहीत, नाहीतर भाचा म्हणजे काकूंचीच मोठी केलेली प्रतिमा झाला असता. खरा माणूस दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि ट्रेफेथेन यांनी तो बरोबर मध्ये बसवला.

हा मधला आकडाही त्यांचा नवा शोध नव्हे. बीएमआयचं मूळ ज्यांच्याकडे जातं त्या बेल्जियमच्या अडोल्फ केटले यांनी १८३५ च्या आपल्या ग्रंथात तो नोंदवला होता. माणूस वाढत असताना त्याच्या वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो, असं त्यांना दिसलं. म्हणजेच वजन उंचीच्या अडीचाव्या घाताप्रमाणे. मात्र वाढ पुरी झालेल्या निरनिराळ्या उंचीच्या माणसांची तुलना करताना केटले यांना वर्गच जवळचा वाटला होता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या हजारो पुरुषांच्या मापांवर वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली. उंचीच्या वर्गानं भागलेलं वजन त्यांना बरं वाटलं, कारण त्यात उंचीचा प्रभाव सर्वांत कमी उरत होता आणि अंगातल्या चरबीशी मेळही ठीक बसत होता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्यांनीच रूढ केलं.

म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात. मधल्या उंचीच्या मोठ्या गर्दीत वर्ग आणि अडीचावा घात यांत फारसा फरक पडत नाही. फरक टोकांना दिसतो. नवं उत्तर काढायचा सोपा मार्ग म्हणजे जुन्या बीएमआयला १.३ नं गुणून उंचीच्या वर्गमुळानं भागणं. १.६९ मीटरचं वर्गमूळ बरोबर १.३ आहे, म्हणून त्या उंचीच्या माणसाचा आकडा हलत नाही. त्याहून बुटक्याचा वाढतो, उंचाचा घटतो. १५० सेंटीमीटरला सुमारे सहा टक्के वाढ होते, १९० ला जवळजवळ तेवढीच घट.

आता गोष्ट आपल्या गावाकडे येते. १६९ सेंटीमीटर ही उंची इंग्लंडात मधली वाटेल. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे. म्हणजे ट्रेफेथेन यांचं सूत्र जसंच्या तसं लावलं, तर आपल्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईचा आकडा वरच सरकणार. १५२ सेंटीमीटरच्या बाईला आज ४२.७ किलोच्या खाली बारीक म्हणतात. नव्या सूत्रानं ही सीमा ४०.५ किलोवर येईल. सव्वादोन किलोंच्या त्या पट्ट्यातल्या बायका एका रात्रीत बारीक राहणार नाहीत. त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडाही वाढलेला नसेल.

ही वाढ अडीचाव्या घातामुळे झाली, असं वाटतं. मी तपासून पाहिलं. घात अडीचच ठेवला, पण १.३ ऐवजी आपल्या १५२ सेंटीमीटरचं वर्गमूळ, म्हणजे १.२३३ घेतलं. काकूंचं उत्तर आलं १८.५१. जुन्या सूत्रानं १८.२६ होतं. घात बदलल्यामुळे पडलेला खरा फरक एवढाच, पाव गुण. १९.५१ पर्यंतची उरलेली सगळी उडी त्या १.३ मुळे होती. सूत्रात दोन वेगळे निर्णय लपलेले आहेत. घात ठरवतो की उंच आणि बुटक्यांत न्याय कसा करायचा. पुढचा गुणक ठरवतो की कुणाचा आकडा आहे तिथेच ठेवायचा. पहिला निर्णय शरीराबद्दलचा आहे, दुसरा निव्वळ सोयीचा. आणि ती सोय इंग्लंडच्या उंचीची आहे.

यातच दुसरी चूक दडलेली आहे. १८.५, २३ आणि २५ या रेघा जुन्या सूत्राच्या आकड्यांवरून आखल्या आहेत. नव्या सूत्राचं उत्तर त्याच रेघांवर तोलणं म्हणजे शेराचा भाव किलोला लावणं. नवं सूत्र दवाखान्यात वापरायचं तर आधी त्याच्या आकड्यांवरून आपल्या लोकांत मधुमेह, रक्तदाब आणि कुपोषण कुठून वाढतं ते नव्यानं पाहावं लागेल. त्याशिवाय सूत्र बदललं तर आपल्याकडे एक जास्तीचा धोका आहे. आपल्या अनेक बायकांची उंची आईवडिलांकडूनच कमी आलेली नसते. लहानपणी पोट न भरल्यानं आणि वारंवारच्या आजारांनी ती खुंटलेली असते. अशा बाईला ‘तुझ्या उंचीला हे वजन ठीक’ म्हणून सोडून दिलं, तर जुन्या उपाशीपणानं आताचा अशक्तपणा झाकला जातो.

मापातली चूकही नव्या सूत्रात जास्त बोचते. काकूंचा अंबाडा सोडायला न लावता मी पट्टी टेकवली असती, तर उंची सहज १५० भरली असती. जुन्या सूत्रानं उत्तर १८.२६ वरून १७.७८ वर गेलं असतं, नव्यानं १९.५१ वरून १८.८७ वर. घात जितका मोठा, तितकी उंचीतली चूक जास्त फुगते. म्हणून अनवाणी उभं राहावं, टाचा भिंतीला टेकाव्यात, केस मोकळे ठेवावेत, नजर समोर असावी आणि डोक्यावर सपाट पाटी आडवी धरावी. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसाची उंची तर दोन्ही सूत्रांना फसवते.

भाच्यासारख्या उंच माणसाला नव्या सूत्राचा उपयोग आहे, पण मर्यादित. जुनं सूत्र त्याला लठ्ठ म्हणतं आणि नवं म्हणत नाही, तेव्हा समजावं की त्याच्यासाठी बीएमआयचा आकडाच ठिसूळ आहे. स्नायू किती आणि चरबी किती, हे दोन्ही सूत्रांना दिसत नाही. त्याच्या कंबरेला टेप लावावी. पुढच्या भागात तेच करणार आहोत.

हे सगळं काकूंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मंग मी बारीक हाये का बरी हाये?” मी त्यांना उलट विचारलं, गेल्या वर्षी वजन किती होतं? त्यांना आठवत होतं, कारण त्याच काट्यावर उभं राहून त्या हसल्या होत्या : ४४ किलो. वर्षभरात चार किलो, म्हणजे शंभरात नऊ, आणि तेही काही न ठरवता.

इथे एक गोष्ट लक्षात आली. प्रौढ माणसाची उंची वर्षात बदलत नाही. त्यामुळे त्याच माणसाच्या दोन वजनांची तुलना करताना उंचीचा वर्ग घ्या, घन घ्या किंवा अडीचावा घात घ्या, उंची वर-खाली छेदली जाते आणि घट नऊ टक्केच राहते. वर्ग की अडीचावा घात, हा वाद काकूंच्या या आकड्याला शिवतसुद्धा नाही. कारण नसताना सहा महिने-वर्षात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. काकूंचं हिमोग्लोबिन, साखर आणि क्षयाची तपासणी व्हावी म्हणून आम्ही सोमवारी निघतो आहोत. चौकटीवर पेन्सिलीनं आजची तारीख आणि त्यापुढे ४० लिहून ठेवलं आहे.

(पुढील भाग : कंबरेची टेप काय सांगते)