तीन टक्केवाऱ्यांची बेरीज भागिले तीन

दिवाळीचा सेल संपला की ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानदारांच्या हातात जाहिरातींचे रिपोर्ट पडतात. त्यातली एक ओळ वर्षानुवर्षे तशीच येते: ‘सर्व कॅम्पेनचा सरासरी सीटीआर ५ टक्क्यांच्या वर.’ सीटीआर म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यापैकी किती वेळा तिच्यावर क्लिक झालं, त्याची टक्केवारी. ही सरासरी कशी काढली असं विचारलं, तर उत्तर तितक्याच सहजपणे मिळतं. प्रत्येक कॅम्पेनचा सीटीआर घेतला, बेरीज केली आणि कॅम्पेनच्या संख्येने भागलं. सरासरी अशीच काढतात ना?

नाही, टक्केवारीची सरासरी अशी काढत नाहीत. चूक दशांश चिन्हापुढच्या एखाद्या आकड्याची असती तर ती सोडून देता आली असती. पण या पद्धतीने उत्तर सात-सात पट फुगतं आणि त्यावर पुढच्या वर्षाचं बजेट ठरतं.

उदाहरणासाठी पुण्यातलं पैठण्या विकणारं एक दुकान घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण त्यांचा घाट रोजच्या कामातलाच आहे. दुकानाने ऑक्टोबरमध्ये तीन कॅम्पेन चालवली. पहिलं ब्रँड सर्च, म्हणजे दुकानाचं नाव टाकून शोधणाऱ्यांना दिसणारी जाहिरात. ती ४,००० वेळा दिसली, ४८० क्लिक आले, सीटीआर १२ टक्के. दुसरं साधं सर्च, ‘पैठणी साडी’ असं शोधणाऱ्यांसाठी. ते ६०,००० वेळा दिसलं, १,८०० क्लिक आले, सीटीआर ३ टक्के. तिसरं डिस्प्ले, म्हणजे बातम्यांच्या वेबसाइटवर दिसणारे बॅनर. ते ९,३६,००० वेळा दिसले, ४,६८० क्लिक आले, सीटीआर ०.५ टक्का.

आता १२, ३ आणि ०.५ यांची बेरीज १५.५. तिला तीनने भागलं की ५.१७ टक्के येतात आणि रिपोर्टमध्ये हाच आकडा ठळक अक्षरांत छापला जातो. प्रत्यक्षात काय घडलं? तिन्ही जाहिराती मिळून १० लाख वेळा दिसल्या आणि क्लिक आले ६,९६०. म्हणजे सीटीआर ०.७ टक्का.

दोन्हींपैकी खरं काय, हे तपासायला संख्याशास्त्र शिकावं लागत नाही. ‘सरासरी’ सीटीआरला एकूण इम्प्रेशनने गुणायचं आणि क्लिक परत मिळतात का ते पाहायचं. १० लाखांचे ५.१७ टक्के म्हणजे ५१,७०० क्लिक. मग उरलेले ४४,७४० क्लिक कुठे गेले? ते कधी आलेच नव्हते. पुढच्या दिवाळीला ‘२० लाख इम्प्रेशन घेऊ, लाखभर क्लिक येतील’ असा अंदाज याच आकड्यावरून बांधला जातो आणि मग जाहिरात चालली नाही म्हणून बॅनर बनवणाऱ्याला बोल लावला जातो.

चुकीचं मूळ एका न सांगितलेल्या गृहीतकात आहे. तीनने भागताना प्रत्येक कॅम्पेनला एक-तृतीयांश वजन मिळतं. खरं तर ब्रँड सर्चचा इम्प्रेशनमधला वाटा ०.४ टक्के आहे आणि डिस्प्लेचा ९३.६ टक्के. चार हजारांना आणि सव्वानऊ लाखांना एकच मत दिलं, तर निकाल चार हजारांच्या बाजूने झुकणारच. त्यात ब्रँड सर्चचा सीटीआर नेहमीच चढा असतो, कारण नाव टाकून शोधणारा माणूस दुकानात यायचं ठरवूनच आलेला असतो.

गंमत म्हणजे जाहिरातीचा मंच ही चूक करत नाही. गूगल ॲड्समध्ये तक्त्याखालच्या एकूण ओळीत जो सीटीआर दिसतो, तो एकूण क्लिक भागिले एकूण इम्प्रेशन असाच असतो. आकडे डाउनलोड करून शीटमध्ये आणले की घोळ सुरू होतो. सीटीआरचा रकाना समोर दिसतो आणि हात सवयीने AVERAGE कडे जातो. पिव्होट टेबलमध्येही तेच होतं: ‘Average of CTR’ असं शीर्षक आलं की समजावं, समान वजनाची सरासरी निघाली आहे. B रकान्यात इम्प्रेशन, C मध्ये क्लिक आणि D मध्ये सीटीआर असेल तर फरक एवढाच आहे:

```
चूक:    =AVERAGE(D2:D4)
बरोबर:  =SUM(C2:C4)/SUM(B2:B4)
तेच:    =SUMPRODUCT(D2:D4,B2:B4)/SUM(B2:B4)
```

तिसऱ्या ओळीला भारित सरासरी म्हणतात. प्रत्येक दराला त्याच्या इम्प्रेशनने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण इम्प्रेशनने भागायचं. दुसऱ्या ओळीचं आणि तिचं उत्तर एकच येतं. क्लिकचे मूळ आकडे हाताशी असतील तर दुसरी ओळ सोपी. कोणी फक्त टक्केवारी आणि इम्प्रेशन पाठवले असतील तेव्हा तिसरी कामी येते. आणि नुसती टक्केवारीच पाठवली असेल, तर एकत्रित दर काढताच येत नाही. अशा वेळी मूळ आकडे मागवणं हा एकच उपाय असतो.

वजन द्यायचं हे पटलं तरी कशाचं द्यायचं, इथे दुसरी गफलत होते. इम्प्रेशनचं वजन सीटीआरसाठी ठीक आहे. कन्व्हर्जन रेटसाठी, म्हणजे क्लिक करून आलेल्यांपैकी कितींनी साडी घेतली त्यासाठी, ते चालत नाही. वजन नेहमी त्या दराच्या छेदाचं. आपल्या दुकानात ब्रँड सर्चच्या ४८० क्लिकमधून ४८ ऑर्डर आल्या, साध्या सर्चच्या १,८०० मधून ५४ आणि डिस्प्लेच्या ४,६८० मधून ४७. दर अनुक्रमे १०, ३ आणि सुमारे १ टक्का. त्यांची सरळ सरासरी ४.७ टक्के येते. इम्प्रेशनचं वजन दिलं तर जवळपास १.२ येते. १४९ ऑर्डर भागिले ६,९६० क्लिक हा खरा दर मात्र २.१ टक्के आहे. एक आकडा दुपटीहून जास्त, दुसरा निम्म्याच्या आसपास, आणि दोन्ही तितकेच निरुपयोगी.

इथे अनुभवी लोक एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. भारित सरासरीसुद्धा फसवते, असं ते म्हणतात. ती कशी, हे त्याच दुकानात पाहता येतं. सप्टेंबरमध्ये ब्रँड सर्चचा सीटीआर ११ टक्के होता, साध्या सर्चचा २.८ आणि डिस्प्लेचा ०.४. ऑक्टोबरमध्ये तिन्ही वाढले. तरीही एकूण सीटीआर सप्टेंबरात १.३३ टक्के होता, तो ऑक्टोबरात ०.७ वर आला! कारण दोन्ही सर्चचे इम्प्रेशन तेवढेच राहिले आणि डिस्प्लेचे मात्र १,३६,००० वरून ९,३६,००० झाले. कमी दराच्या कॅम्पेनचा वाटा वाढला, म्हणून एकूण दर खाली ओढला गेला.

या प्रकाराला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांचा त्यावरचा लेख १९५१चा. उड्नी यूल यांनी तो त्याआधीच, १९०३मध्ये दाखवला होता. गाजलेलं उदाहरण आहे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. १९७३च्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के निवडले गेले आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के. भेदभाव उघड दिसत होता. बिकेल, हॅमेल आणि ओ’कॉनेल यांनी विभागवार आकडे तपासून १९७५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, की ज्या विभागांत प्रवेश मिळणं सगळ्यांनाच अवघड होतं तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. विभाग लक्षात घेतले की तफावत मिटत होती, उलट किंचित स्त्रियांच्या बाजूने झुकत होती.

म्हणून दोन महिन्यांची तुलना करताना वजनं एकच ठेवावीत. सप्टेंबरचे इम्प्रेशन आणि ऑक्टोबरचे दर घेतले तर ४८० अधिक १,८०० अधिक ६८०, असे २,९६० क्लिक होतात. भागिले दोन लाख, म्हणजे १.४८ टक्के. १.३३ वरून १.४८ ही सुधारणा जाहिरातींची. उरलेली घसरण मिश्रण बदलल्याची, आणि ते मिश्रण दुकानाने स्वतःच ठरवलं होतं. रिपोर्टमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या की निम्मे वाद संपतात.

यावर सरळ सरासरीचे समर्थक लगेच म्हणतात, ‘आमचा आकडाही वाढच दाखवत होता, ४.७३ वरून ५.१७!’ दाखवणारच. तिन्ही दर वाढले असतील तर दोन्ही महिन्यांना सारखी लावलेली कुठलीही वजनं वाढच दाखवतात. पण समजा, पुढे ब्रँड सर्च १२ वरून १३ वर गेला आणि डिस्प्ले ०.५ वरून ०.४ वर घसरला. सरळ सरासरी वाढते, रिपोर्टमध्ये हिरवा बाण येतो. इम्प्रेशन ऑक्टोबरएवढेच असतील तर पहिल्यात ४० क्लिक वाढलेले असतात आणि दुसऱ्यात ९३६ गेलेले असतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘मध्यक घेतला की प्रश्न सुटतो’: नाही, मध्यकही कॅम्पेन किती मोठं होतं हे पाहत नाही. ‘रोजच्या दरांची सरासरी म्हणजे महिन्याचा दर’: नाही, सेलचा दिवस आणि एरवीचा सोमवार यांची गर्दी सारखी नसते. ‘प्रत्येक ऑर्डरमागचा खर्च तरी सरळ सरासरीने काढता येतो’: नाही, तिथे वजन ऑर्डरचं, एकूण खर्च भागिले एकूण ऑर्डर. ‘फरक किरकोळच असतो’: सगळ्या कॅम्पेनचं आकारमान जवळपास सारखं असेल किंवा दर सारखे असतील, तरच.

आणि ‘सगळ्यात जास्त दराचं कॅम्पेन सगळ्यात चांगलं’ हाही एक. कसोटी क्रिकेटमध्ये वेस्ट इंडीजचे अँडी गँटॉम १९४८मध्ये एकच सामना खेळले, एका डावात ११२ धावा करून बाद झाले, सरासरी ११२. ब्रॅडमन यांची ८० डावांत ९९.९४. गँटॉम यांना ब्रॅडमनच्या वर कोणी बसवत नाही. पण २० क्लिकमधून दोन ऑर्डर आलेल्या कॅम्पेनचा ‘१० टक्के कन्व्हर्जन’ बैठकीत विजेता ठरतो. २० पैकी २ या आकड्यातून एवढंच म्हणता येतं, की खरा दर साधारण ३ ते ३० टक्क्यांच्या मधे कुठेतरी असावा. एक ऑर्डर जास्त आली असती तर १५ टक्के झाले असते, कमी आली असती तर ५.

सरळ सरासरीला स्वतःची जागा आहे, पण तिथे प्रश्न वेगळा असतो. वर्षभरात ४० निरनिराळ्या मजकुरांचे ईमेल पाठवले आणि ‘आपला एखादा ईमेल साधारण कसा चालतो’ एवढंच हवं असेल, तर प्रत्येक ईमेलला एक मत देणं योग्यच. यादी मोठी की लहान याला तिथे महत्त्व नाही. जोखायचा आहे तो मजकूर. फक्त मग त्या आकड्याला ‘एकूण सीटीआर’ म्हणू नये, तो इम्प्रेशनने गुणू नये आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येक ईमेल कितीजणांना गेला तो आकडा द्यावा.