मिक्सर लावताच इन्व्हर्टर का ओरडतो?

लोंढ्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की घर इन्व्हर्टरवर येते. पंखे-दिवे निमूट चालतात. पण मिक्सर लावला की पीं-पीं सुरू होते.

थांबलेली मोटर फिरती करायला जोर लागतो. म्हणून पहिल्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. पंपाच्या बाबतीत पाच-सहा पटसुद्धा. इन्व्हर्टर हा झटका मोजतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी अलार्म देतो किंवा बंद पडतो.

हिशेब करून पाहू. 850 व्हीएचा इन्व्हर्टर साधारण 700 वॅट देतो. तीन पंखे 225 वॅट, चार एलईडी दिवे 36 वॅट, म्हणजे 261 झाले. त्यात 500 वॅटचा मिक्सर लावला की 761. सुरुवातीचा झटका सोडला तरी मर्यादा ओलांडली. अर्ध्या एचपीचा पंप चालू स्थितीतच सहाशेच्या आसपास वॅट घेतो. त्याचा झटका या इन्व्हर्टरला पेलणारच नाही.

पंप आणि मिक्सरचे सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून थेट मेनवर घ्या. वीज असतानाच टाकी भरा, वाटण उरका. अलार्म वाजला तर मिक्सर बंद करा, मग रीसेट दाबा. पुन्हापुन्हा रेटू नका.

नुसत्या दोन पंख्यांवरही इन्व्हर्टर ओरडत असेल, तर दोष बहुधा लोडचा नाही. बॅटरी उतरली आहे का, टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहेत का, ते तपासून घ्या.