सांध्यातली फट आणि हाडाचा काठ

एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही. सांध्यातल्या दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते, ती बव्हंशी कूर्चेची जाडी असते. रुमेटॉइड आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस या दोन्ही संधिवातांत ही फट अरुंद होते, पण वेगवेगळ्या पद्धतीने.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये जिथे भार जास्त, तिथे कूर्चा अधिक झिजते. त्यामुळे गुडघ्याची फट बहुधा आतल्या बाजूला मिटत जाते आणि बाहेरच्या बाजूला शाबूत राहते. खालचे हाड टणक होऊन पांढरे दिसते. सांध्याच्या काठावर नवे हाड वाढते, त्याला ऑस्टिओफाइट म्हणतात.

रुमेटॉइडमध्ये आधी सुजते ते सांध्याचे आतले अस्तर. ही सूज सांधाभर पसरते, म्हणून फट सगळीकडे सारखीच कमी होते. गुडघ्यात आतली आणि बाहेरची बाजू बरोबरीने. कूर्चेच्या कडेला हाडाची एक अरुंद पट्टी उघडी असते. सुजलेले अस्तर तिथेच हाड कुरतडते. काठावरचा हा खड्डा म्हणजे इरोजन. सांध्यालगतचे हाड विरळ होऊन काळपट दिसते आणि सुरुवातीच्या काळात ऑस्टिओफाइट नसतात.

समजा, साठीच्या एका बाईचे दोन्ही हात दुखतात. एक्स-रेत बोटांच्या मुळांचे सांधे आणि मनगटे नीट आहेत. नखांजवळच्या सांध्यांची फट मात्र वेडीवाकडी अरुंद झाली आहे, काठाला ऑस्टिओफाइट आहेत आणि अंगठ्याच्या मुळाशी हाड पांढरे झाले आहे. हा ऑस्टिओआर्थ्रायटिस. याउलट नखांजवळचे सांधे चांगले, पण दोन्ही हातांच्या तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी काठावर खड्डे, मनगटाची फट सर्वत्र अरुंद आणि करंगळीच्या बाजूच्या मनगटाच्या हाडाचे टोक कुरतडलेले असेल, तर ते चित्र रुमेटॉइडचे.

चकवे मात्र आहेत. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या एका प्रकारात बोटांच्या सांध्यांत खड्डे पडतात, पण ते काठावर नसून मधोमध असतात. सोबतच्या काठावरच्या वाढीमुळे सांध्याची रेघ पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखी दिसते. जुन्या रुमेटॉइडवर पुढे झीजही चढते. मग ऑस्टिओफाइट दिसले, तरी फट सर्वत्र सारखी अरुंद झालेली असणे ही मूळ आजाराची खूण उरते. गुडघ्याचा एक्स-रे झोपवून काढला, तर सांध्यावर भार नसल्याने फट आहे त्यापेक्षा रुंद वाटू शकते, म्हणून तो उभे करून काढतात.

रुमेटॉइडच्या सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे अगदी सामान्य असू शकतो, कारण सूज आधी येते आणि हाडातला खड्डा नंतर पडतो. त्या टप्प्यावर निदान तपासणी, रक्तातील आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधाराने होते.